नोंद व्यवहाराची, ओटीपीची नव्हे

आमच्या सोसायटीचा खजिनदार झालो तेव्हा बँकेतल्या खात्याला माझा मोबाइल नंबर जोडला गेला आणि दोन-तीन महिन्यांतच कमिटीची तक्रार सुरू झाली. पैसे आले-गेले ते फक्त तुम्हालाच कळतं. तक्रार रास्त होती. म्हणून मी फोनवर आलेले एसएमएस पुढे पाठवणारं एक अॅप टाकलं आणि बँकेचा प्रत्येक मेसेज कमिटीच्या ग्रुपवर जाईल अशी सोय केली. आठवडाभर सगळे खूश होते. मग एका दुपारी लिफ्टवाल्याचं बिल भरताना माझ्या फोनवर ओटीपी आला आणि दोन सेकंदांत तोच ग्रुपमधल्या अकरा जणांच्या फोनवरही झळकला. त्यातल्या एका सदस्याचा फोन तेव्हा त्याच्या शाळकरी मुलाच्या हातात होता. नुकसान काही झालं नाही, पण मी ते अॅप त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

ओटीपी दहा मिनिटांत मरतो, मग एवढी भीती कशाला, असं बरेच जण म्हणतात. पण मेसेज तत्काळ पुढे पाठवणारी सोय तो कोड नेमका त्या जिवंत दहा मिनिटांतच दुसऱ्याच्या हाती देते. वाहनाच्या चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या लबाड एपीके फाइलीही दुसरं काही करत नाहीत. एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि आलेला मेसेज चोराकडे पाठवतात. माझं अॅप प्रामाणिक होतं, एवढाच फरक.

नोंद मात्र हवीच होती, म्हणून दुसऱ्यांदा जरा विचार करून बसलो. पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच सुचला: ज्या मेसेजात 'ओटीपी' शब्द आहे तो गाळायचा, बाकीचे वहीत घ्यायचे. हा विचार किती फसवा आहे ते त्याच लिफ्टच्या बिलाच्या दोन मेसेजांवरून दिसतं. खाते आणि आकडे इथे बदलले आहेत.

```
482913 is the OTP for payment of Rs 18450.00 from
A/c XX3071. Valid for 10 min. Do not share.

A/c XX3071 debited by Rs 18450.00 on 09-06.
Avl Bal Rs 241306.50. Never share OTP with anyone.
```

'ओटीपी' दोन्हींत आहे. तो शब्द पाहून गाळलं तर खरा खर्चच वहीतून जातो, कारण बँका सावधगिरीचं शेपूट जवळजवळ प्रत्येक मेसेजला जोडतात. उलट 'रुपये दिसले की नोंद करा' असं ठेवलं तर एकच बिल दोनदा चढतं. आणि ओटीपी मागवून व्यवहार अर्धवट सोडला असेल, तर न झालेला खर्च वहीत बसतो. तेव्हा आधी पाहायचं ते `debited` किंवा `credited`. त्यातही एखादी बँक ओटीपीच्या मेसेजात `will be debited` असं लिहिते, ते वेगळं ओळखावं लागतं.

मग पुढचा मोह होतो तो मेसेज पूर्ण ठेवून फक्त कोड झाकायचा. सहा अंक दिसले की फुल्या. पण कोड कधी चार अंकी असतो, कधी आठ अंकी, आणि खात्याचे शेवटचे आकडेही चारच असतात. रक्कम स्वल्पविरामाशिवाय आली की तीही कोडसारखीच दिसते. झाकायचा नियम एका मेसेजात चुकला की कोड उघडा पडतो, आणि तो उघडा पडला हे कोणी सांगत नाही. काही हौशी लोक कोडऐवजी त्याचा 'हॅश', म्हणजे गणिताने केलेला उलट न फिरणारा ठसा, साठवतात. सहा अंकांच्या कोडच्या शक्यता दहा लाखच. साधा लॅपटॉप त्या सगळ्यांचे ठसे काढून क्षणात जुळवतो.

शेवटी मी उलट बाजूने गेलो. काय झाकायचं याची यादी न करता काय घ्यायचं तेवढंच ठरवलं: वेळ, प्रकार, खात्याचे शेवटचे चार आकडे, रक्कम, शिल्लक. मेसेजचा मूळ मजकूर वहीत उतरतच नाही. प्रकार नक्की कळला नाही तर फक्त वेळ आणि 'तपासा' एवढंच लिहिलं जातं. वरचे दोन मेसेज वहीत असे दिसतात:

```
09-06 11:42  OTP    3071  18450.00
09-06 11:44  DEBIT  3071  18450.00  241306.50
```

ओटीपीची ओळ मी मुद्दाम ठेवली. तिच्यात कोड नाही, पण ओटीपी आला होता ही बातमी आहे. एखाद्या ओटीपीच्या ओळीपाठोपाठ खर्चाची ओळ नसेल आणि तो ओटीपी आपण मागवलेलाच नसेल, तर कोणीतरी आपल्या कार्डाशी किंवा लॉगिनशी खेळतंय. रात्री दोन वाजता आलेला असा मेसेज सकाळच्या गडबडीत नजरेतून सुटतो. वहीत तो सुटत नाही.

काम कसं चालतं तेही सांगतो. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं मोफत अॅप आणि त्याचं एपीआय जोडअॅप घातलं की `termux-sms-list` ही आज्ञा इनबॉक्समधले मेसेज देते. त्यातून वरची पाच घरं वेचणारी छोटी स्क्रिप्ट सोसायटीतल्या एका मुलाने लिहून दिली. ती रात्री अकराला चालते. मेसेज आल्या क्षणी पकडायचा नाही, यात दोन फायदे आहेत. एक तर तोवर दिवसभरातले बहुतेक कोड मेलेले असतात. दुसरा फायदा मराठी मेसेजांचा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात, त्यामुळे लांब मेसेज तुकड्यांत येतो. येता-येता पकडणाऱ्या कच्च्या अॅपने तुकडे जोडले नाहीत, तर पहिल्यात कोड आणि दुसऱ्यात 'ओटीपी' शब्द असं होऊ शकतं, आणि पहिला तुकडा निरुपद्रवी म्हणून पुढे जातो. इनबॉक्समध्ये तुकडे आधीच जोडलेले असतात.

वहीवर आंधळा विश्वासही नको. छोट्या रकमांचा एसएमएस काही बँका पाठवत नाहीत, कधी मेसेज पोचतच नाही. म्हणून स्क्रिप्ट दर ओळीला आधीच्या शिलकीतून खर्च वजा करून पाहते. २,५९,७५६.५० मधून १८,४५० गेले की २,४१,३०६.५० उरायला हवेत. आकडा जुळला नाही तर मधला मेसेज हरवला, आणि मग पासबुक काढायचं. महिनाअखेरचा हिशेब पासबुकावरूनच होतो. वही फक्त लवकर कळावं म्हणून.

लवकर कळण्याला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा फसवणुकीत बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नसे. उशीर झाला की पडू लागे. सूचना कधी मिळाली, ती तारीख आणि मिनिट वहीत असतं.

आता ग्रुपवर मी काही पाठवत नाही. वही माझ्या फोनमध्येच राहते, क्लाउडवर जात नाही, आणि दर रविवारी तिची प्रिंट चेअरमनना देतो. त्यात चोराच्या कामाचं काही नसतं. इनबॉक्समध्ये साचलेले जुने ओटीपी हा वेगळा कचरा. गूगलच्या मेसेजेस अॅपमध्ये ते चोवीस तासांनी आपोआप पुसायची सोय आहे, ती मी चालू केली आहे.

तुम्ही हे काही करा न करा, आज एकदा फोनच्या सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर उघडून एसएमएसची परवानगी कोणाकोणाकडे आहे ते पाहा. टॉर्च किंवा कॅलेंडरचं अॅप त्या यादीत दिसलं, तर परवानगी काढून घ्या आणि अॅपही काढून टाका.