हवेचंही भाडं भरावं लागतं!

कोल्हापुरी चपलांचा एक जोड, खोक्यासकट वजन 700 ग्रॅम. कुरिअरच्या हिशेबात मात्र तोच सव्वा किलोच्या आसपास जातो. कारण खोकं 30 बाय 20 बाय 10 सेंटिमीटरचं आहे. तिन्ही मापांचा गुणाकार 6000, त्याला बहुतेक ठिकाणी 5000 ने भागतात, म्हणजे 1.2 किलो. खरं वजन आणि हे 'व्हॉल्युमेट्रिक' वजन यांतलं जे जास्त, त्यावर बिल! वर अर्ध्या अर्ध्या किलोचे स्लॅब, त्यामुळे पैसे दीड किलोचे.

आता गंमत बघा. खोक्याची उंची फक्त दोन सेंटिमीटर कमी करा. गुणाकार 4800, वजन 960 ग्रॅम आणि आपण एक किलोच्या स्लॅबमध्ये! समजा पहिला स्लॅब 45 रुपये आणि पुढचा प्रत्येक 40, तर 125 चे झाले 85. चपला त्याच, वाचली ती हवा. पण खोकं फुगू देऊ नका, मशीन सगळ्यात फुगीर जागी मोजतं. जास्त वजन लागलं तर पॅनेलवर 'वेट डिस्क्रिपन्सी' दिसते. हरकत घ्यायला ठरावीक दिवस असतात आणि गप्प बसलात तर मान्य धरतात. म्हणून पार्सल देण्याआधी टेप आणि काट्यासह फोटो काढून ठेवावा, लेबल दिसेल असा.

प्लॅनवर 'सीओडी डी+8' लिहिलेलं असतं. हा 'डी' पार्सल पाठवल्याचा नव्हे, गिऱ्हाइकाच्या हाती पडल्याचा दिवस. 1 तारखेला निघालेलं पार्सल 6 ला पोचलं, तर पैसे 14 ला. त्यातही एजन्सी सोमवार-बुधवार-शुक्रवारीच पैसे पाठवत असेल आणि 14 ला शनिवार असेल, तर थेट 16. शिपिंगचे पैसे मात्र वॉलेटमधून पहिल्याच दिवशी गेलेले! दोन दिवसांत पैसे देणारी 'अर्ली सीओडी' सोय असते, पण ती टक्केवारी घेते. कच्चा माल उधारीवर मिळत असेल तर ती टक्केवारी कशाला द्यायची, असं माझं मत.

आणि गिऱ्हाइकाने दारातच नको म्हटलं तर? तो 'आरटीओ'. जायचे 85 गेलेच, यायचेही साधारण तेवढेच, म्हणजे 170. सीओडीची फी बहुधा परत मिळते, तेवढंच. जोडामागे नफा 150 असेल, तर एका नकाराने एका विक्रीचा नफा गिळून वर 20 रुपये खिशातून काढले.

डिलिव्हरी झाल्यावर माप लहान निघालं, परत न्या, असं म्हटलं तर ते वेगळं प्रकरण: 'रिव्हर्स पिकअप'. त्याचा दर बहुधा जाण्याच्या दरापेक्षा चढा. नेणाऱ्याने माल तपासून घ्यायचा असेल तर आणखी वेगळे पैसे. शिवाय सीओडीचे पैसे गिऱ्हाइकाला कुरिअरवाला परत देत नाही, ते तुम्हालाच यूपीआयने पाठवावे लागतात. चपलांच्या धंद्यात ऑर्डर घेतानाच पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारून घेतलेली बरी.