ताप उतरल्यानंतरचे तीन आठवडे



विषमज्वर म्हणजे आपण ज्याला मुदतीचा ताप किंवा टायफॉइड म्हणतो तो आजार. तो कसा होतो आणि त्यावर औषध कोणते, याविषयी पुष्कळ बोलले जाते. मी आज बोलणार आहे ते ताप उतरल्यानंतरच्या दिवसांविषयी. डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या," आणि घरच्या मंडळींना वाटते, दुखणे संपले. वस्तुतः तेव्हा फक्त ताप संपलेला असतो.

असे का, हे समजण्यासाठी आतड्यात काय घडते ते पाहू. विषमज्वराचे जंतू पोटात गेल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ठाण मांडतात. तिथे आतड्याच्या भिंतीत रसग्रंथींचे लहान लहान चकंदळे असतात. पहिल्या आठवड्यात ते सुजतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा वरचा थर मरू लागतो, आणि तिसऱ्यात तो गळून पडून खाली उघडे व्रण राहतात. चौथ्या आठवड्यापासून ते भरू लागतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ साली या रोगावर प्रथम वापरले गेले आणि त्यानंतर त्याहून नवी औषधे आली. ही औषधे जंतूंना मारतात. व्रण मात्र आपल्याच गतीने भरतो. उपचार उशिरा सुरू झाले असतील, तर तापमापकातला पारा खाली येतो त्या दिवशीही आतडे आतून सोललेलेच असते. आणि नेमकी त्याच दिवशी रोग्याला वखवखून भूक लागते!

या भुकेचे काय करायचे, यावर वैद्यकात दोन टोके होऊन गेली. एके काळी तापात अन्न तोडण्याची चाल इतकी होती, की रोगी तापाने कमी आणि उपासाने जास्त खंगत. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी तापकऱ्याला खाऊ घातले पाहिजे असा आग्रह धरला, आणि आपल्या थडग्यावर हेच लिहावे असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे बरोबर होते. शरीराचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढले, की शरीरातला जळणाचा खर्च शेकडा सुमारे ७ ने वाढतो. १०३ अंश ताप असेल तर हा खर्च जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढला, आणि पोटात जाते मात्र नेहमीच्या निम्मेसुद्धा नाही. मग शरीर आपलेच स्नायू जाळते. दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या मांड्या आणि दंड सुकलेले दिसतात ते यामुळे.

तेव्हा खायला तर हवे, पण कसे? एका रोग्याची हकीकत सांगतो. हे गृहस्थ बसवर वाहकाचे, म्हणजे कंडक्टरचे काम करणारे. वय ३४, आजारापूर्वी वजन ६१ किलो. पहिले सोळा दिवस ताप अंगावर काढला, मग निदान झाले. योग्य औषध सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी ताप उतरला. औषध लागू पडल्यावरही ताप उतरायला चारसहा दिवस लागतात, हे ध्यानात ठेवा. दोन दिवसांत उतरला नाही म्हणून औषध बदलत सुटू नये, आणि उतरला म्हणून राहिलेल्या गोळ्या फेकूही नयेत. ते घरी आले तेव्हा वजन ५४ किलो होते. त्यांच्या आईने मला दारातच विचारले, "डॉक्टर, ताप गेला, आता पोराला पोटभर भाकरी द्यायला काय हरकत आहे?"

मी म्हणालो, "आजी, पोटभर द्यायचंच आहे, पण एका वेळी नाही."

पहिले तीन दिवस दर दोन तासांनी एक वाटी, दिवसातून सहासात वेळा, असा क्रम ठेवला. मीठ आणि चमचाभर तूप घातलेली तांदळाची पेज, मुगाचे कढण, ताजे गोड ताक, दूध. चौथ्या दिवसापासून आटवल भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, कुस्करलेला उकडलेला बटाटा, पिकलेले केळे आणि पुरते उकडलेले एक अंडे. आठव्या दिवसापासून वरणात भिजवलेला फुलका, दुध्या-पडवळाची मऊ भाजी. तिसऱ्या आठवड्यात घरचे नेहमीचे जेवण. उसळी, कच्ची कोशिंबीर, चिवडा आणि झणझणीत तिखट सर्वांत शेवटी.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भाकरीच्या तुकड्याने आतडे फाटते असे पूर्वी ठामपणे सांगत. त्याला भक्कम पुरावा नाही. ज्याचे पोट मऊ आहे आणि ज्याला पचते, त्याला उगाच महिनाभर पेजेवर ठेवणे हीही चूकच. मऊ अन्नाचे खरे कारण असे, की अशक्त आतड्याला ते थोड्या श्रमात पचते आणि पोट फुगत नाही. म्हणून पायरी चढावी ती दिनदर्शिका पाहून नव्हे, तर पोट पाहून. पोट फुगलेले नाही, दुखत नाही, शौचाला एकदोनदा बांधून होते, आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा भूक लागते, अशी चारही लक्षणे असली की पुढची पायरी. एखादे बिघडले की एक पायरी खाली.

आमच्या कंडक्टरांना सहाव्या दिवशी भेटायला मावशी आल्या, त्या पुरणपोळ्या घेऊन. प्रेमाला नाही कसे म्हणायचे? त्यांनी तीन खाल्ल्या. रात्री पोट डफासारखे झाले. सुदैवाने ताप नव्हता, पोट दाबल्यावर मऊ होते, वायू सरत होता. त्यांना दोन दिवस मागे, पेजेवर आणले आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

दुसऱ्या आठवड्यापासून मुख्य काम गेलेले मांस भरून काढण्याचे. त्यासाठी प्रथिने हवीत. दर किलो वजनामागे रोज सव्वा ग्रॅम धरले, तर ५४ किलोच्या माणसाला सुमारे ६५ ते ७० ग्रॅम. हा हिशेब महागड्या डब्यांतल्या भुकटीशिवाय जमतो. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून १२, दोन वाट्या घट्ट वरणातून १२, वाटीभर दह्यातून ४ ते ५, आणि उरलेले बरेचसे दिवसभराच्या पोळी-भातातून. अंडे न खाणाऱ्यांनी दूध, दही आणि डाळ वाढवावी. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता विश्रांतीकडे वळू. चरकसंहितेत ज्वरमुक्त माणसाने बळ येईपर्यंत व्यायाम आणि फार हिंडणे वर्ज्य करावे असे सांगितले आहे. हे योग्यच, पण विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, आणि उठून उभे राहताना रक्तदाब सांभाळण्याची शरीराची सवय मोडते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोनतीन वेळा खाटेवर पाय खाली सोडून बसवावे. उठताना आधी बसावे, मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे. शौचाला जाताना कोणीतरी जवळ असावे आणि दाराला आतून कडी लावू नये. पुष्कळ रोगी तिथेच चक्कर येऊन पडतात.

किती चालायचे, हे ठरवायला नाडीसारखा चांगला मापदंड नाही. मनगटावर बोटे ठेवून स्वस्थ बसलेले असताना मिनिटभर नाडी मोजा. मग चाला, आणि थांबल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. आमच्या रोग्याची नाडी बसल्या जागी ८४ होती. घरातल्या घरात पाच मिनिटे चालल्यावर ती ११२ झाली, आणि पाच मिनिटांनी ९०. आधीच्या आकड्याहून दहाच्या आत आली, म्हणजे चालणे पेलले. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे वाढवावी. शंभरावरच रेंगाळली असती, तर तेवढेच किंवा कमी चालावे. दुसरी खूण सकाळी मिळते. आदल्या दिवशीचा शीण झोपेने गेला नसेल, तर काल जास्त झाले असे समजावे. या हिशेबाने ते तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अर्धा तास चालू लागले आणि दोन जिने चढू लागले.

हे सारे चालू असताना दोन गोष्टींवर नजर हवी. पहिली, ताप उलटणे. औषध घेतलेल्यांतही शंभरात पाचदहा जणांना ताप परत येतो. बहुधा ताप गेल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. म्हणून तीन आठवडे रोज संध्याकाळी तापमापक लावून आकडा लिहून ठेवावा. ताप उलटला की घरात सासू सुनेच्या खिचडीला आणि सून मावशीच्या पुरणपोळीला दोष देते. खरा दोष शरीरात दडून राहिलेल्या जंतूंचा असतो, जेवणाचा नव्हे. अशा वेळी उरलेल्या गोळ्या गिळू नयेत. डॉक्टरांकडे जाऊन रक्तातले जंतू तपासून घ्यावेत. विडाल तपासणी आजार बरा झाल्यावरही महिनोन् महिने विकृत दिसू शकते. केवळ तिच्यावरून पुन्हा टायफॉइड झाला असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. पोटात एकाएकी तीव्र कळ, पोट फळीसारखे कडक होणे, शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, अथवा अंग गार पडून घाम सुटणे व नाडी धावणे, यांपैकी काहीही झाले तर व्रणातून रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडल्याचा संशय घ्यावा. हे ताप उतरत असतानाही घडू शकते. अशा वेळी तोंडाने काही न देता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

शेवटी कामाचा प्रश्न. बसून काम करणारा माणूस साधारण तीनचार आठवड्यांत निम्म्या वेळेने सुरुवात करू शकतो. कंडक्टरचे काम दिवसभर उभे राहण्याचे आणि धक्के खाण्याचे. ते पाचव्या आठवड्यात रुजू झाले, आणि पहिले दोन आठवडे त्यांनी आगारातच टेबलावरचे काम मागून घेतले. वजन आठवड्याला अर्धा-पाऊण किलो या चालीने वाढत दहाव्या आठवड्यात पूर्ववत झाले. त्या सुमारास त्यांचे केस मूठमूठ गळू लागले आणि ते घाबरून आले. मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी असे होते. मुळे शाबूत असतात आणि केस परत येतात.

जे खानावळीत, हलवायाच्या दुकानात किंवा लहान मुलांना भरवण्याचे काम करतात, त्यांना मात्र शक्ती आली एवढे पुरत नाही. काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात जंतू बरे झाल्यावरही राहतात आणि मळावाटे पडत राहतात. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः धडधाकट होती, पण तिच्या हातच्या अन्नातून अनेकांना विषमज्वर झाला. १९०७ साली तिला प्रथम अलग ठेवले. सुटल्यावर तिने पुन्हा स्वयंपाकाचेच काम धरले, आणि १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला एका बेटावर राहावे लागले. आज तशी वेळ येत नाही. शौचाची तपासणी काही दिवसांच्या अंतराने तीनदा निर्दोष आली की अन्नाला हात लावायला मोकळीक मिळते, आणि जंतू आढळलेच तर त्यावर औषध आहे. तोवर बाकीच्यांनीही शौचाहून आल्यावर आणि ताटाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुण्याचा नेम मोडू नये. ज्याला आपण पेज भरवून उठवले, त्याच्या हातून घरातला दुसरा आडवा पडू नये.