ॲपवर सगळे हिरवे, मग युनिट कमी का?

इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये हिरव्या रंगात Normal असे दिसते, आणि छतावर सोलर बसवलेली अनेक घरे तेवढेच पाहून निश्चिंत होतात. त्या हिरव्या रंगाचा अर्थ इतकाच की इन्व्हर्टर चालू आहे आणि त्याला कुठला बिघाड जाणवलेला नाही. दहापैकी एक पॅनल मुळीच वीज देत नसेल तरी रंग हिरवाच राहू शकतो. आज किती वीज यायला हवी होती, हे इन्व्हर्टरला ठाऊक नसते. तो आकडा आपल्याजवळ असावा लागतो.

महाराष्ट्रात सोलर विकणारे साधारणपणे ‘एका किलोवॉटला रोज चार युनिट’ असे सांगतात. वर्षाची सरासरी म्हणून हा आकडा बरोबर आहे, पण एखाद्या दिवसाला तो लावला की फसगत होते. पुण्यात फेब्रुवारीच्या निरभ्र दिवशी, दक्षिणेकडे नीट कललेल्या आणि सावली नसलेल्या पॅनलांकडून किलोवॉटमागे पाचच्या आसपास युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टच्या ढगांत तेच अडीच-तीनवर येतात. म्हणजे फेब्रुवारीत चार युनिट पडत असतील तर काहीतरी बिनसले आहे, आणि ऑगस्टमध्ये तीन पडत असतील तर सगळे ठीक आहे. मे महिन्याबद्दलही गैरसमज असतो. ऊन कडक असले तरी पॅनल तापला की त्याचे व्होल्टेज घटते. त्यामुळे मे महिन्यातले आकडे फेब्रुवारी-मार्चपेक्षा वर जात नाहीत म्हणून घाबरून जाऊ नये.

आपल्या छताचा महिनावार अंदाज काढण्यासाठी PVWatts किंवा PVGIS ही मोफत साधने आहेत. ठिकाण, पॅनलांचे एकूण किलोवॉट, त्यांचा कल आणि दिशा भरली की प्रत्येक महिन्याचे अपेक्षित युनिट मिळतात. इथे इन्व्हर्टरवर लिहिलेले किलोवॉट भरू नयेत, पॅनलांची बेरीज भरावी. एका वर्षाची स्वतःची नोंद हाताशी आली की तुलना आणखी भरवशाची होते: या फेब्रुवारीची गेल्या फेब्रुवारीशी. आदल्या दिवसाशी केलेली तुलना फारशी कामाची नसते, कारण दोन दिवसांतला फरक बहुधा ढगांचाच असतो.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका बंगल्यावर 540 वॉटचे दहा पॅनल आहेत, म्हणजे 5.4 किलोवॉट. पाच-पाच पॅनल एकामागे एक जोडून दोन माळा केल्या आहेत. तंत्रज्ञ त्यांना स्ट्रिंग म्हणतात. दोन्हींचा कल आणि दिशा सारखीच आहे. फेब्रुवारीच्या स्वच्छ दिवशी इथे 26 युनिटांच्या आसपास अपेक्षा धरता येते, पण ॲप रोज 23 ते 24 दाखवते. तूट दहा टक्क्यांची आहे. ढग नसताना ती आठवडाभर टिकली, म्हणून शोध घ्यायचा.

आधी दिवसाचा आलेख पाहायचा. निरभ्र दिवशी तो सकाळी हळूहळू चढतो, दुपारी साडेबाराच्या सुमारास शिखर गाठतो आणि तसाच उतरतो. सावली पडत असेल तर ठरावीक वेळी त्यात खळगा दिसतो, आणि तो रोज जवळपास त्याच वेळी येतो. हिवाळ्यात ही शक्यता वाढते. डिसेंबरात पुण्यात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवरच असतो, त्यामुळे जूनमध्ये निरुपद्रवी असलेली पाण्याची टाकी तेव्हा पॅनलांवर लांब सावली टाकते. आपल्या उदाहरणात मात्र आलेख गुळगुळीत आहे, फक्त शिखर थोडे बुटके आहे. सावलीचा संशय इथेच बराच कमी होतो.

यानंतर ॲपमध्ये इन्व्हर्टरच्या तपशिलाचे पान उघडायचे. तिथे PV1 आणि PV2 अशा नावांनी दोन्ही स्ट्रिंगचे व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे दिसतात. सगळ्या ॲपमध्ये हे पान ठळक जागी नसते, पण शोधून काढण्यासारखे तेच आहे. दुपारी साडेबाराला पहिली स्ट्रिंग 190 व्होल्ट आणि 11.4 अँपिअर दाखवते. दुसरी दाखवते 152 व्होल्ट आणि 11.3 अँपिअर. अँपिअर जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे ऊन दोघींवर सारखेच पडते आहे. कमी आहेत ते 38 व्होल्ट. पहिल्या स्ट्रिंगचे 190 व्होल्ट पाच पॅनलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 38 येतात. तेव्हा दुसऱ्या स्ट्रिंगमधला एक अख्खा पॅनल हिशेबातून गळला आहे.

हे कसे घडते? पॅनलच्या मागच्या डबीत बहुधा तीन डायोड असतात. पॅनलच्या एखाद्या भागावर सावली पडली की विजेला तो भाग टाळून पुढे जाता यावे म्हणून ते बसवलेले असतात. डायोड जळून शॉर्ट झाला तर ती पळवाट कायमची उघडी राहते. एक डायोड गेला तर पॅनलचा तिसरा हिस्सा, म्हणजे इथे साधारण 13 व्होल्ट कमी होतील. तिन्ही गेले तर 38. सावलीने आलेली घट ऊन सरकले की भरून निघते, पण जळलेल्या डायोडची घट सकाळी, दुपारी, संध्याकाळी टिकते. म्हणून त्याच दिवशी नऊ, साडेबारा आणि चार वाजता दोन्ही स्ट्रिंगचे आकडे लिहून घ्यावेत. छतावर जाऊन पॅनल तपासण्याचे काम मात्र तंत्रज्ञाचेच. उन्हात या तारांमध्ये जिवाला धोका होईल इतके व्होल्टेज असते, आणि इन्व्हर्टर बंद केल्याने ते नाहीसे होत नाही. तंत्रज्ञ प्रत्येक पॅनल सुटा करून मोजेल. चांगले चार 46 व्होल्टच्या आसपास दाखवतील आणि पाचवा जवळजवळ शून्य. हा एक पॅनल वर्षभर तसाच राहिला तर साडेसातशेहून अधिक युनिट हातचे जातात, म्हणून मला ही तपासणी फार मोलाची वाटते.

धुळीचे चित्र वेगळे असते. तिथे व्होल्ट जागच्या जागी राहतात आणि दोन्ही स्ट्रिंगचे अँपिअर घटतात. शेजारी बांधकाम चालू असेल, पावसाला महिने लोटले असतील, तर संशय धुळीवर घ्यावा. पॅनल सकाळी थंड असतानाच धुवावेत. धुण्याआधीच्या आणि नंतरच्या निरभ्र दुपारचे अँपिअर ताडून पाहिले की खरे काय ते कळते.

तिसरे कारण छतावर नसून रस्त्यावरच्या खांबावर असते. वस्तीत एकाच वेळी अनेक छतांवरून वीज परत जाऊ लागली, किंवा ट्रान्सफॉर्मरकडूनच व्होल्टेज चढे असले, की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःला तोडून घेतो आणि काही मिनिटांनी पुन्हा जोडतो. अनेक इन्व्हर्टरांत ही मर्यादा 253 व्होल्टच्या आसपास असते. भर उन्हात आलेख करवतीच्या दातांसारखा शून्यावर आदळताना दिसला, तर ॲपच्या इशाऱ्यांत Grid Over Voltage सारखी नोंद सापडते का पाहावे. ग्रिडचे व्होल्टेज दाखवणाऱ्या या नोंदींचा स्क्रीनशॉट जोडून वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी. मर्यादेचा आकडा स्वतः किंवा ओळखीच्या तंत्रज्ञाकडून वाढवून घेऊ नये. घरातल्या उपकरणांचे रक्षण त्यावर अवलंबून आहे.

आलेखात नुसती रिकामी जागा असेल आणि दिवसाचे एकूण युनिट मात्र अपेक्षेइतके असतील, तर वाय-फाय तुटले होते, वीज नव्हे. एकूण आकडा इन्व्हर्टर स्वतः मोजून ठेवतो आणि जोडणी परत आली की ॲपला देतो. या आकड्यात आणि मीटरमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक असू शकतो, त्यामुळे तेवढ्या तुटीमागे धावण्यात अर्थ नाही. दहा टक्क्यांची तूट निरभ्र दिवसांत टिकून राहिली, तर तारीख, वेळ आणि दोन्ही स्ट्रिंगचे व्होल्ट-अँपिअर दिसतील असे स्क्रीनशॉट बसवणाऱ्याला पाठवावेत. ‘वीज कमी येते’ या तक्रारीला ढगांचे कारण देऊन वाटेला लावता येते. साडेबाराला 190 आणि 152 व्होल्ट असे लिहून दिले की त्याला शिडी घेऊन यावेच लागते.