वायफाय हळू? राउटरचा ‘मिक्स्ड मोड’ बघा

राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये `11bgn mixed` हा पर्याय बहुतेक वेळा आधीपासूनच निवडलेला असतो. त्यातला b म्हणजे 1999 सालचं वायफाय. सेकंदाला 1, 2, 5.5 आणि 11 मेगाबिट, एवढेच त्याचे वेग. पुढे 2003 मध्ये g आलं, 2009 मध्ये n आलं. पण ‘आमचा जुना प्रिंटर जोडला जात नाही’ अशी तक्रार कंपन्यांना नको असते, म्हणून ही सोय राहिली ती राहिलीच. तिचं भाडं मात्र घरातलं प्रत्येक उपकरण भरतं. जुनं उपकरण घरात नसलं तरीही.

एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा मूळ नियम. त्यामुळे कोण किती डेटा पाठवतो यापेक्षा कोण किती वेळ चॅनेल अडवून ठेवतो, हे जास्त महत्त्वाचं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाक देतो. तिला बीकन म्हणतात. ही हाक सगळ्यांना कळायला हवी, म्हणून ती ‘बेसिक रेट’पैकी, बहुधा सगळ्यात कमी, वेगाने जाते. जुनी सोय चालू असेल तर तो वेग 1 मेगाबिट. 300 बाइटचा बीकन त्या वेगाने पाठवायला सुमारे 2.6 मिलिसेकंद लागतात. दहा बीकन म्हणजे 26. चॅनेलचा अडीच टक्के वेळ नुसत्या हाकेत गेला. गेस्ट नेटवर्क सुरू केलंत तर त्याची हाक वेगळी, म्हणजे पाच टक्के. इमारतीत त्याच चॅनेलवर अशी आठ नेटवर्क ऐकू येत असतील, तर कुणी काही डाउनलोड करायच्या आधीच वीस टक्के वेळ खर्ची पडलेला असतो. तोच बीकन 6 मेगाबिटने पाठवला तर अर्धा मिलिसेकंदही लागत नाही.

खरोखरच एखादं b उपकरण जोडलं गेलं, की दुसरा खर्च सुरू होतो. त्या उपकरणाला नव्या पद्धतीचे सिग्नल कळतच नाहीत. चॅनेल मोकळा आहे असं समजून ते मध्येच बोलेल. ते टाळायला नव्या उपकरणांना प्रत्येक वेळी आधी जुन्या भाषेत ‘आता गप्प राहा’ असा निरोप द्यावा लागतो. 1 मेगाबिटने तो निरोप द्यायला 0.3 मिलिसेकंद लागतात. आणि 1500 बाइटचं डेटाचं पाकीट 54 मेगाबिटने पाठवायला? 0.25. निरोपच मालापेक्षा मोठा!

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी 2003 मध्येच तो मांडला होता. वायफाय सगळ्यांना सारख्या पाळ्या देतं, सारखा वेळ नव्हे. बँकेच्या काउंटरवर एक जण चिल्लरीची पिशवी घेऊन आला की मागच्या सगळ्यांचा जो खोळंबा होतो, तोच इथे. पलीकडच्या खोलीतलं उपकरण सिग्नल कमी म्हणून 1 मेगाबिटवर घसरलं, तर त्याचं एक पाकीट 12 मिलिसेकंद घेतं. पाळीपाळीने पाठवणाऱ्या 54 मेगाबिटच्या लॅपटॉपच्या हातातही मग सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपासच उरतं. n पासून पुढची उपकरणं एका पाळीत बरीच पाकिटं पाठवतात, त्यामुळे त्यांना झळ कमी बसते; पण बसते.

आपल्याकडे काय चालू आहे, हे विंडोजच्या कमांड विंडोत एका ओळीत कळतं:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

आपल्या नेटवर्कखाली `Basic rates (Mbps)` समोर 1, 2, 5.5, 11 दिसले, तर जुनी सोय चालू आहे. राउटरमध्ये मोड बदलून `11gn` किंवा `n only` करावा. किमान वेग ठरवायची सोय असेल तर 6 किंवा 12 ठेवावा. मग पुन्हा हीच कमांड चालवून बघावी, कारण काही राउटर मोडचं नाव बदलतात, बेसिक रेट तेच ठेवतात. स्मार्ट प्लगची काळजी नको, त्यांतले बहुतेक g आणि n बोलतात. अडेल ते अगदी जुनं प्रिंटर किंवा बारकोड स्कॅनर. प्रिंटरला सरळ केबल लावावी. 24 पर्यंत चढवायचा मोह मात्र टाळा. लांबच्या खोलीतला फोन मग जोडलाच जाणार नाही.

हा सगळा घोळ 2.4 गिगाहर्ट्झचा. 5 गिगाहर्ट्झवर b कधी नव्हतंच, तिथला सगळ्यात कमी वेगच 6 आहे. टीव्ही आणि लॅपटॉप तिकडेच जोडा. शेजाऱ्यांच्या संथ हाका आपल्याला बंद करता येत नाहीत. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर ‘नेट स्लो आहे का?’ असा मेसेज आला, की वरची कमांड तिथे टाका.