कमिटी 'इज' की कमिटी 'आर'?

इंग्रजी वाक्यात कर्त्याचे वचन क्रियापदावर उमटते, पण फार थोड्या ठिकाणी. साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता आला की क्रियापदाच्या शेवटी 'एस' लागतो. 'इज-आर', 'वॉज-वेअर', 'हॅज-हॅव' आणि 'डझ-डू' या जोड्यांतही फरक दिसतो. बाकी सगळीकडे इंग्रजी क्रियापद वचनाबाबत मुके असते. 'द कमिटी डिसायडेड' किंवा 'द कमिटी विल मीट' असे लिहिणाऱ्याला कमिटी एक की अनेक हे ठरवावेच लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो 'द कमिटी' या शब्दांनंतर 'हॅज' लिहायचे की 'हॅव', या जागी.

मराठीत हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तो टाळण्याची सोय भाषेतच आहे. 'समितीने निर्णय घेतला', 'समितीने बैठक घेतली', 'समितीने ठराव मांडले' या तिन्ही वाक्यांत क्रियापद समितीकडे पाहतच नाही. ते निर्णय, बैठक आणि ठराव यांच्यामागे जाते. कर्मणी प्रयोगात कर्त्याला 'ने' लागला की त्याच्या वचनाची चौकशी संपते. इंग्रजीत ही पळवाट नाही. तरीही या अडचणीची चव मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. 'सगळी मंडळी जमली आहे' आणि 'सगळी मंडळी जमली आहेत' ही दोन्ही वाक्ये कानावर पडतात. पहिल्यात 'मंडळी' हा शब्द बोलतो, दुसऱ्यात दारात उभी असलेली माणसे. इंग्रजीतल्या समूहवाचक नामांचा सगळा घोळ या दोन वाक्यांमधल्या फटीतलाच आहे.

समूहवाचक नाम म्हणजे रूपाने एकवचनी पण पोटात अनेक व्यक्ती असलेला शब्द: टीम, फॅमिली, क्लास, क्रू, ज्युरी, गव्हर्न्मेंट. समूह एकसंध म्हणून काही करत असेल तर क्रियापद एकवचनी येते: 'द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट'. अहवाल एकच आहे आणि तो सर्वांचा मिळून आहे. समूहातले लोक वेगवेगळे वागत असतील तर अनेकवचन येऊ शकते: 'द कमिटी आर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स'. मतभेद व्हायला किमान दोघे लागतात. एकटी 'कमिटी' स्वतःशी कशी भांडणार? भारतातल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरणही हीच वाट दाखवते. त्यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यामुळे आपल्याकडच्या इंग्रजीवर हा ब्रिटिश वळणाचा संस्कार झाला, यात नवल नाही.

'ब्रिटिश वळणाचा' म्हणण्याचे कारण असे की अमेरिकेत ही दुहेरी सोय जवळजवळ वापरात नाही. अमेरिकी लेखक टीम, गव्हर्न्मेंट, कमिटी यांच्यापुढे सरसकट एकवचन लिहितो. माणसे वेगवेगळी दाखवायची असतील तर तो 'द मेंबर्स ऑफ द कमिटी आर' असे शब्द वाढवतो. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात, आणि खेळाच्या बातम्यांत तर अनेकवचनच रुळलेले आहे. क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्याच्या कानाला 'इंडिया आर बॅटिंग' खटकत नाही, कारण तिथे इंडिया म्हणजे संघातले अकरा जण. भूगोलाच्या पुस्तकात मात्र 'इंडिया इज अ लार्ज कंट्री' असेच हवे. शब्द तोच, पण एका जागी तो संघ आहे आणि दुसऱ्या जागी देश. उलट दिशेने गेलेले उदाहरण खुद्द अमेरिकेचेच आहे. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेत राजद्रोहाची व्याख्या करताना युनायटेड स्टेट्ससाठी 'देम' हे अनेकवचनी सर्वनाम आले आहे. आज त्या देशाच्या नावापुढे एकवचनाखेरीज काही लिहिले तर विचित्र वाटेल.

ब्रिटिश पद्धतीतही अनेकवचनाला मर्यादा आहेत, आणि त्या सहसा पाठ्यपुस्तकांत येत नाहीत. क्रियापद अनेकवचनी झाले तरी नामाच्या आधीचा दर्शक शब्द एकवचनीच राहतो: 'धिस कमिटी हॅव' चालेल, 'दीज कमिटी' कधीही नाही. काही विधाने फक्त समूहाबद्दलच करता येतात. 'द कमिटी कन्सिस्ट्स ऑफ सेव्हन मेंबर्स' यात सात जणांची मिळून होते ती समिती, एकेक सदस्य नव्हे. म्हणून इथे एकवचनाला पर्याय नाही. कुटुंब मोठे आहे हे सांगायला 'द फॅमिली इज लार्ज' म्हणावे लागते. 'द फॅमिली आर लार्ज' म्हटले तर घरातले सगळे अंगाने आडवे आहेत असा अर्थ निघण्याची भीती आहे.

सर्वांत जास्त चूक होते ती मात्र क्रियापद निवडताना नव्हे, तर निवडल्यानंतर. 'द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट' या वाक्यात सुरुवातीला समिती एक आहे आणि चार शब्दांनंतर तिचे अनेक झाले आहेत. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात या डळमळीतपणाविरुद्ध बजावले होते: एकवचन घ्या की अनेकवचन, पण घेतलेले टिकवा. 'हॅज'बरोबर 'इट्स' आणि 'विच', 'हॅव'बरोबर 'देअर' आणि 'हू' ही जोडी सांभाळली की लिखाण नीटनेटके राहते. बोलताना मात्र इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही इथे घसरतात.

काही शब्दांना निवडच नाही. 'पोलीस', 'पीपल' आणि 'कॅटल' हे नेहमी अनेकवचनी: 'द पोलीस आर इन्क्वायरिंग'. उलट 'फर्निचर' आणि 'लगेज' नेहमी एकवचनी, घरात कितीही खुर्च्या असल्या तरी. 'नंबर' या शब्दाचे रूप त्याच्या आधीच्या उपपदावर ठरते. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट' यात बोलणे विद्यार्थ्यांबद्दल आहे, 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल' यात संख्येबद्दल.

समूहवाचक नामात अर्थ निर्णय देतो. 'आयदर-ऑर' आणि 'नायदर-नॉर' यांच्या वाक्यात निर्णय देते जवळीक. दोन्ही कर्ते एकवचनी असतील तर क्रियापद एकवचनी: 'आयदर सुनीता ऑर मीना हॅज द की'. 'अँड' दोघींची बेरीज करतो, 'ऑर' करत नाही. किल्ली दोघींपैकी एकीकडे आहे. 'नायदर सुनीता नॉर मीना हॅज द की' यातही नियम तोच. मराठी मन इथे 'दोघींकडेही नाही' असा विचार करते आणि हात 'हॅव'कडे वळतो. पण इंग्रजी व्याकरण दोघींना एकेक करून तपासते: हिच्याकडे नाही, तिच्याकडेही नाही.

एक कर्ता एकवचनी आणि दुसरा अनेकवचनी असेल तर क्रियापदाला लागून असलेला कर्ता जिंकतो. 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट' यात स्टुडंट्स जवळ आहेत म्हणून 'वेअर'. क्रम उलटा केला तर 'नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर वॉज प्रेझेंट' होते. हे नियमात बसते, पण कानाला अडखळते, कारण मागे उभे असलेले विद्यार्थी 'वॉज' मान्य करत नाहीत. म्हणून रेन आणि मार्टिन अनेकवचनी कर्ता क्रियापदाजवळ ठेवायलाच सांगतात. हा सल्ला खरोखर उपयोगाचा आहे; तो पाळला की नियम आणि कान यांच्यात भांडण उरत नाही.

प्रश्नार्थक वाक्यात सहायक क्रियापद उडी मारून पुढे येते आणि जवळीकही बदलते. 'आर द स्टुडंट्स ऑर द टीचर कमिंग?' यात 'आर'ला लागून स्टुडंट्स आहेत, म्हणून अनेकवचन बरोबर ठरते. विधान करताना शेवटचा कर्ता पाहायचा, प्रश्न विचारताना पहिला.

पुरुष वेगळे असले की अवघड जाते. 'आयदर यू ऑर आय ॲम राँग' हे जवळिकीच्या नियमाने शुद्ध आहे, पण असे कुणी सहजपणे बोलत नाही. इथे मराठीची सवय मदतीला येते. मराठी माणूस 'ना पाऊस पडला, ना वारा सुटला' म्हणताना प्रत्येक कर्त्याला त्याचे क्रियापद देतो. इंग्रजीतही तेच करता येते: 'आयदर यू आर राँग, ऑर आय ॲम'.

'आयदर' किंवा 'नायदर' एकटे कर्ता म्हणून आले आणि पुढे 'ऑफ' असला, तर औपचारिक लेखनात एकवचन लागते: 'नायदर ऑफ द बॉइज हॅज कम'. बोलण्यात 'हॅव' सर्रास ऐकू येते, कारण 'बॉइज' हा अनेकवचनी शब्द मध्ये बसलेला असतो. परीक्षेत 'हॅज' लिहावे.

आता एका गृहनिर्माण संस्थेच्या इंग्रजी इतिवृत्ताचा मसुदा पाहावा. पहिले वाक्य: 'द मॅनेजिंग कमिटी हॅज अप्रूव्ह्ड देअर बजेट'. अंदाजपत्रक सगळ्या समितीचे, म्हणून 'हॅज' ठेवून 'देअर'च्या जागी 'इट्स' घालायचे. दुसरे: 'द कमिटी इज अर्ग्यूइंग अमंग देमसेल्व्ह्ज'. 'आपापसात' हा शब्दच सदस्य वेगळे करतो, म्हणून 'आर' हवे. आणि दोन ओळींत समितीचे वचन बदललेले दिसू नये असे वाटत असेल तर 'द मेंबर्स आर' लिहावे. तिसरे: 'नायदर द ट्रेझरर नॉर द ऑडिटर्स वॉज इन्फॉर्म्ड'. ऑडिटर्स जवळ आहेत, म्हणून 'वेअर'. चौथे: 'द सेक्रेटरी, ॲज वेल ॲज द मेंबर्स, आर रिस्पॉन्सिबल'. इथे जवळिकीचा नियम लावायचा मोह होतो, पण 'ॲज वेल ॲज' दोन कर्त्यांमध्ये निवड करत नाही. ते फक्त कंसात टाकल्यासारखी माहिती जोडते. कर्ता सेक्रेटरी एकटाच, म्हणून 'इज'. सदस्यांनाही जबाबदार धरायचे असेल तर 'अँड' वापरून 'द सेक्रेटरी अँड द मेंबर्स आर' असे उघड लिहावे लागेल.