फी ठरली एक, बिल आलं दुसरं

घराचं इंटिरियर आटोपतं, सुतार आपली मशीन उचलून नेतो, गृहप्रवेशाची तारीख ठरते आणि त्याच सुमारास डिझायनरचं शेवटचं बिल येतं. ते बोललेल्या फीपेक्षा बरंच मोठं असतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘देऊन टाका, कटकट नको.’ दुसरा म्हणतो, ‘फोनच उचलू नका.’ दोन्ही मार्ग महागात पडतात. पैसे देऊन टाकले की नंतर तपशील मागायला तोंड राहत नाही, आणि फोन उचलला नाही की आपली बाजू खरी असूनही पैसे बुडवणारे आपणच ठरतो. एका पानाचं पत्र हा तिसरा मार्ग आहे, पण तो फारच कमी लोक वापरतात.

असं पत्र कसं लिहायचं, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण कल्पित आहे आणि आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत. डोंबिवलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. डिझायनर मॅडमनी मार्चमध्ये फीचं पत्र दिलं : डिझाइन आणि देखरेखीची उक्ती फी १,२०,००० रुपये, कर वेगळा. त्यातले चाळीस टक्के ड्रॉइंग मंजूर झाल्यावर, चाळीस टक्के काम सुरू होताना आणि वीस टक्के ताबा देताना. फीमध्ये १२ साइट व्हिजिट. त्यापुढे प्रत्येक व्हिजिटला १,५०० रुपये. पहिले दोन हप्ते मिळून ९६,००० रुपये वेळेवर दिले गेले. नोव्हेंबरमध्ये बिल आलं, ते असं : ‘प्रोफेशनल फी १,७५,०००, जीएसटी १८ टक्के ३१,५००, एकूण २,०६,५००, वजा जमा ९६,०००, बाकी १,१०,५००.’ बस, एवढंच. ५५,००० रुपये वाढले, पण कशाने वाढले याचा एक शब्दही नाही.

घरमालकाच्या डोक्यात बाकी होती २४,००० रुपयांची. पत्र लिहिण्याआधी ही समजूत तपासायला हवी, कारण इथे चूक त्यांचीही आहे. फीच्या पत्रात ‘कर वेगळा’ लिहिलं होतं. १,२०,००० वर १८ टक्क्यांनी २१,६०० रुपये कर होतो, म्हणजे मूळ करारानेच १,४१,६०० देणं होतं. त्यातून दिलेले ९६,००० गेले की ४५,६०० उरतात. एवढे पैसे कोणताही वाद न घालता द्यायचे आहेत. खरा वाद ६४,९०० रुपयांचा आहे : वाढीव ५५,००० आणि त्यावरचा ९,९०० कर. बिलावर डिझायनरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक आहे ना, हेही पाहावं. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणीच नसेल तर कर लावताही येत नाही. क्रमांक खरा आहे का, हे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतं.

आता पत्र. ते ईमेलने पाठवावं, कारण त्याला तारीख असते.

‘मॅडम, सप्रेम नमस्कार. विषय : आपले ११ नोव्हेंबरचे अंतिम बिल. आपले बिल मिळाले. ४ मार्चच्या आपल्या पत्रानुसार डिझाइन व देखरेखीची फी रु. १,२०,००० अधिक कर अशी ठरली होती. बिलात ती रु. १,७५,००० धरली आहे. वाढीव रु. ५५,००० कशापोटी आहेत हे बिलावरून समजत नाही. कृपया तपशील द्यावा : कोणते काम, कोणत्या तारखेला, कोणत्या दराने आणि आमच्यापैकी कोणाच्या सांगण्यावरून.

‘मूळ फी करासह रु. १,४१,६०० होते. त्यातून आधी दिलेले रु. ९६,००० वजा करून रु. ४५,६०० आज आपल्या खात्यात जमा केले आहेत. ही रक्कम मूळ फीपोटी आहे. वाढीव रकमेला यावरून संमती समजू नये.

‘स्वयंपाकघराचा आराखडा मंजुरीनंतर आमच्या सांगण्यावरून बदलला, हे आम्हाला मान्य आहे. त्याचा वाजवी मोबदला देण्याची तयारी आहे. इतर ज्या रकमा लागू होत नसतील त्या कमी करून बिल दुरुस्त करून द्यावे. २५ नोव्हेंबरपर्यंत उत्तर मिळाले तर याच महिन्यात हिशेब पुरा करता येईल. कळावे.’

या पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द कुठेही नाही, आणि ‘काम फार छान झालं’ हेही नाही. दुसरी गोष्ट मुद्दाम टाळली आहे. सौजन्य म्हणून लिहिलेलं ते वाक्य उद्या ड्रॉवर अडकायला लागले की आपल्यालाच दाखवलं जातं. कामात दोष असतील तर त्यांची यादी वेगळ्या पत्रात द्यावी. ‘लॅमिनेट फुगलंय, म्हणून फी देणार नाही’ असं एकत्र लिहिलं की दोन्ही मुद्दे पातळ होतात आणि समोरच्याला हव्या त्या मुद्द्यावर उत्तर देण्याची सोय होते.

सगळ्यात जास्त काम करतो तो पत्रातला चौकोनी प्रश्न : काम, तारीख, दर, कोणाचं सांगणं. नुसतं ‘ब्रेकअप द्या’ म्हटलं की ‘अतिरिक्त देखरेख : ३०,०००’, ‘अतिरिक्त ड्रॉइंग : २५,०००’ अशा दोन ओळी येतात आणि आपण होतो तिथेच राहतो. तारीख मागितली की समोरच्याला डायरी उघडावी लागते.

समजा, उत्तर आलं ते असं : जादा ८ व्हिजिट १२,००० रुपये, स्वयंपाकघराचा नवा आराखडा १८,००० रुपये, आणि काम अडीच महिने लांबलं म्हणून महिन्याला १०,००० प्रमाणे २५,००० रुपये. बेरीज बरोबर ५५,०००. या तिन्ही रकमा तीन वेगळ्या जातीच्या आहेत, म्हणून त्यांना एकच उत्तर चालत नाही.

व्हिजिटचा दर आधीच ठरलेला आहे, तेव्हा तिथे घासाघीस करायची नाही, फक्त मोजायचं. डिझायनरच्या तारखा समोर ठेवून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे साइटचे फोटो पाहिले. आठही वेळा त्या खरंच आल्या होत्या. पण त्यातल्या तीन वेळा सुतारानं वॉर्डरोबची मापं चुकवली होती, आणि ती दुरुस्ती पाहायला त्या आल्या होत्या. सुतार डिझायनरनंच आणलेला आणि देखरेखही तिचीच, तर ती चूक निस्तरण्याची फेरी ग्राहकाच्या नावावर पडू नये. राहिल्या पाच, म्हणजे ७,५०० रुपये.

स्वयंपाकघराचं प्रकरण उलट आहे. काम सांगितलं, पण दर कधीच ठरला नाही. एल आकाराचा ओटा मंजूर झाल्यावर सासूबाईंना समोरासमोर दोन ओटे हवेसे वाटले आणि मेसेज गेला : ‘मॅडम, जरा बदलून द्याल का?’ दर ठरला नव्हता म्हणून काहीच देणं नाही, असं म्हणता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० चा आशय असा, की फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी कायदेशीर काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. प्रश्न उरतो तो किती द्यायचा याचा, आणि मोजपट्टी मूळ करारातच सापडते. ड्रॉइंगच्या टप्प्याला पूर्ण घराचे चाळीस टक्के, म्हणजे ४८,००० रुपये होते. स्वयंपाकघराचा वाटा त्यात चौथाई धरला, आणि ट्रॉल्या, प्लंबिंग, चिमणीचं छिद्र पाहता तो उदारच आहे, तर १२,००० रुपये होतात. १८,००० च्या समोर ठेवायला या आकड्याला आधार आहे. ‘दहा हजार घ्या आणि मिटवा’ या बोलण्याला तो नसतो.

तिसरी रक्कम टिकत नाही. काम लांबलं तर जादा फी, असं फीच्या पत्रात कुठेच नाही. लांबत असतानाही तसं कळवलं नव्हतं. शिवाय इथे एक गोष्ट चटकन दिसत नाही : मान्य केलेल्या पाचही व्हिजिट याच अडीच महिन्यांतल्या आहेत. म्हणजे त्याच देखरेखीचे पैसे एकदा फेरीमागे आणि एकदा महिन्यामागे लावले गेले. दुहेरी आकारणी बहुतेक वेळा अशीच शिरते, दोन वेगळ्या नावांनी. तारखा मागितल्याशिवाय ती सापडत नाही.

तर ७,५०० आणि १२,००० मिळून १९,५०० रुपये, त्यावर ३,५१० कर, एकूण २३,०१०. मॅडम १,१०,५०० मागत होत्या. त्यातले ४५,६०० गेले आहेत, आता २३,०१० गेले की हिशेब मिटतो. उरलेले ४१,८९० रुपये कमी करायचे ते नुसत्या ‘ओके, चालेल’ या मेसेजवर सोडू नयेत. टॅक्स इनव्हॉइस आधीच निघालेलं असेल तर जीएसटी कायद्यात त्यासाठी क्रेडिट नोट आहे. मूळ बिलाचा क्रमांक देऊन ३५,५०० फी आणि ६,३९० कर कमी केल्याची ती नोट मागावी. डिझायनरचाही त्यात फायदा आहे, कारण न मिळालेल्या पैशांवरचा कर तिला भरावा लागत नाही.

फी उक्ती नसून कामाच्या खर्चाच्या टक्केवारीत ठरली असेल तर पत्राचा रोख बदलतो. आर्किटेक्ट मंडळींत ही पद्धत जुनी आहे. आठ टक्के फी आणि १४ लाखांचा अंदाज असताना १,१२,००० ऐकलेलं असतं. खर्च १९ लाखांवर गेला की तीच फी १,५२,००० होते, आणि त्यात लबाडी काहीच नसते. अशा वेळी ‘फी का वाढली’ विचारणं व्यर्थ. विचारायचं ते हे, की १९ लाखांत काय काय धरलं? तुम्ही स्वतः दुकानातून आणलेला फ्रिज, एसी, गाद्या त्यात असतील, किंवा मालावरचा कर धरून त्या बेरजेवर आठ टक्के लावले असतील, तर खर्चाचं पत्रक मागून तेवढा भाग वगळण्याची मागणी करावी. मात्र करारात ‘खर्च’ म्हणजे काय हे लिहिलेलं असेल तर तेच चालतं.

पत्राला उत्तरच आलं नाही तर एक स्मरणपत्र, मग ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकिलाच्या बिलाबाबत मात्र हा दरवाजा बंद आहे : वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये दिला. तिथे तपशील मागणारं पत्र तर लिहावंच. कारण फी राहिली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हेही त्याच न्यायालयानं २००० साली सांगितलेलं आहे.

डोंबिवलीच्या घराचे २३,०१० रुपये भरताना हिशेब पूर्ण झाल्याची पोच घ्यावी, आणि त्याच ईमेलमध्ये वायरिंग आणि प्लंबिंगची प्रत्यक्ष झाल्याबरहुकूम ड्रॉइंग मागून घ्यावीत. ती फीमध्येच धरलेली असतील तर त्यांचे वेगळे पैसे नाहीत, आणि भिंतीत पहिला खिळा ठोकताना ती लागतात.