एक दर, बारा महिने : करडीच्या कुटुंबांसाठी किराणा-भाजीची मासिक पेटी

भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावात चाळीस कुटुंबांनी एकत्र येऊन दरमहा ठरावीक रकमेत किराणा व भाजीपाला घरपोच द्यावयाची योजना काढली, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो दराचा. पेटीची किंमत एकच. बाजारभाव मात्र आठवड्यागणिक बदलणारे. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, याचा विचार येथे केला आहे.

२०२२ सालच्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना 'आनंदाचा शिधा' दिला. एक किलो रवा, एक किलो हरभरा डाळ, एक किलो साखर व एक लिटर पामतेल असा तो संच शंभर रुपयांस मिळाला. बाजारभाव व शंभर रुपये यांतील फरक सरकारी तिजोरीने सोसला. गावच्या योजनेमागे अशी तिजोरी नसते. म्हणून स्वस्ताईच्या महिन्यांत वाचलेला पैसा महागाईच्या महिन्यांसाठी राखून ठेवणे, हाच तिचा आधार होय.

पेटीत तांदूळ घालू नये. धानाच्या या मुलखात पुष्कळांच्या घरी स्वतःचा तांदूळ असतो, आणि पात्र कुटुंबांना तो रास्त भावाच्या दुकानातूनही मिळतो. पेटीत जे घरी होत नाही तेच असावे : तूरडाळ दोन किलो, हरभरा डाळ एक किलो, तेल दोन लिटर, साखर तीन किलो आणि मीठ, हळद, तिखट. हिशेबासाठी धरलेल्या भावाने याचे ८५० रुपये होतात. कांदे-बटाटे पाच किलो, १५० रुपये. भाजी दर आठवड्यास अडीच किलो, म्हणजे महिन्यास दहा किलो, ३५० रुपये. वाहतूक, बांधणी व नासाडी यांसाठी १०० आणि किराण्याच्या चढ-उतारासाठी ५० रुपये. एकूण १५०० रुपये.

भाजीचे ३५० रुपये ही वर्षाची सरासरी आहे. थंडीचे चार महिने पालक, मेथी, फुलकोबी, वांगी यांची आवक भरपूर असते. तेव्हा किलोस सरासरी २० रुपये पडले, तर दरमहा १५० रुपये वाचतात. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत ५५ रुपये पडले, तर दरमहा २०० रुपये कमी पडतात. उरलेल्या पाच महिन्यांत ३५ रुपये भाव धरला आहे. थंडीची बचत ६०० आणि पावसाळ्याची तूटही ६००. म्हणून योजना नोव्हेंबरात सुरू करावी. जुलैत आरंभ केल्यास पहिल्याच महिन्यात तूट येते व भरावयास पैसा नसतो. फेब्रुवारीअखेर चाळीस कुटुंबांचे २४,००० रुपये निराळ्या खात्यात दिसले पाहिजेत. ते न दिसल्यास थंडीतील बचत कोठेतरी खर्ची पडली असे समजावे आणि पावसाळ्याची वाट न पाहता चूक शोधावी.

भाजीचे वजन कायम ठेवावे, नाव कायम ठेवू नये. एक पालेभाजी, दोन फळभाज्या व थोडा सांभार एवढेच वचन असावे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोस शंभर रुपयांच्या वर गेला होता. अशा वेळी टोमॅटो कमी करून दोडका, भेंडी वा बरबटी घातली, तर पेटी भरते व हिशेबही टिकतो.

डाळीची गोष्ट वेगळी आहे. भाजीचा भाव चढला की लागवड वाढते व दोन-तीन महिन्यांत आवक येऊन तो उतरतो. तूर मात्र वर्षातून एकदाच निघते. तिचा भाव चढला तर पुढील पिकापर्यंत चढलेलाच राहू शकतो. २०१५ साली तूरडाळ किलोस २०० रुपयांच्या घरात गेली होती. किलोमागे ५० रुपये वाढले, तर दोन किलोंस शंभर रुपये अधिक लागतात आणि राखीव ५० रुपये अर्धेच पुरतात. यास्तव हंगामानंतर काही महिन्यांची डाळ एकदम घेऊन, नीट वाळवून, कोरड्या जागी बंद पिंपांत ठेवावी. वर्षातून दोनदा, आगाऊ सूचना देऊन, दराचा फेरविचार करण्याची अटही आरंभीच लिहून ठेवावी.

अशी योजना बहुधा सभासदांच्या येण्याजाण्याने बुडते. थंडीत बाजारात भाजी स्वस्त दिसते, तेव्हा कुटुंबे पेटी सोडतात. पावसाळ्यात भाव चढले की पुन्हा येतात. मग राखीव निधी साठत नाही, खर्च मात्र होतो. याकरिता सभासदत्व पूर्ण वर्षाचे ठेवावे, एका महिन्याची रक्कम अनामत घ्यावी आणि नव्या सभासदास नोव्हेंबरातच प्रवेश द्यावा. दर आठवड्यास पेटीसोबत एक चिठ्ठी असावी : या भाजीचा आजचा बाजारभाव किती, पेटीत धरलेली रक्कम किती, आणि निधीत जमा किती. आपले थंडीतील पैसे आषाढ-श्रावणात परत येत आहेत, हे त्या तीन आकड्यांवरून गृहिणीस स्वतःच पडताळून पाहता येते.